ताब्याची तारीख मागताना

घराचा ताबा ठरल्या मुदतीत मिळाला नाही म्हणजे आपल्याकडचा मध्यमवर्गीय गृहस्थ प्रथम बिल्डरच्या कचेरीत खेटे घालतो, मग फोन करतो, मग कोणी ओळखीचा मध्यस्थ सापडतो का ते पाहतो, आणि हे सर्व मार्ग खुंटल्यावर एके दिवशी पत्र लिहावयास बसतो. पण तोपर्यंत त्याच्या मनात इतका संताप आणि इतकी अगतिकता साठलेली असते की त्या पत्रात करारापेक्षा कैफियतच अधिक उतरते. एकीकडे घरभाडे आणि दुसरीकडे बँकेचा हप्ता असा दुहेरी भार, लांबणीवर पडलेले मुलाचे लग्न, नव्या घरात पाऊल टाकण्याची वाट पाहणारे वृद्ध आईवडील, हे सारे खरे असते आणि करुणही असते. मात्र असे पत्र हाती आलेल्या बिल्डरच्या कारकुनाला त्याचे उत्तर देण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी, काम प्रगतिपथावर असल्याची ग्वाही आणि 'लवकरच' ताबा देण्याचे आश्वासन, एवढ्यावर प्रकरण निकालात निघते. त्या पत्राने काही विचारलेलेच नसते, म्हणून त्याला काही उत्तरही मिळत नाही.

मग विचारावे काय? सामान्यतः मिळणारा सल्ला असा की नवी निश्चित तारीख लेखी मागावी. सल्ला योग्य आहे, पण त्याच्या पोटात एक पेच आहे, आणि या लेखाचा विषय मुख्यतः तो पेचच आहे. ताब्याची तारीख करारनाम्यात आधीच लिहिलेली असते. दोन्ही पक्षांनी तिच्याखाली सह्या केलेल्या असतात, दुय्यम निबंधकापुढे तिची नोंदणी झालेली असते. अशी तारीख हाती असताना जो खरेदीदार 'कृपया नवी तारीख कळवावी' असे लिहितो, तो नकळत असे सुचवितो की जुनी तारीख आता विसरावयास हरकत नाही. भारतीय करार अधिनियम, 1872 यातील कलम 63 प्रमाणे वचन ज्याला दिलेले असते त्याला वचनपूर्तीची मुदत वाढवून देण्याचा अधिकार आहे. आणि कलम 55 तर त्याहून पुढे जाऊन सांगते की, जेथे मुदत हे कराराचे मर्म असते तेथे मुदत टळल्यानंतरची पूर्तता ज्याने स्वीकारली त्याला विलंबाची भरपाई मागता येत नाही, मात्र स्वीकारतेवेळीच भरपाई मागण्याचा आपला इरादा त्याने समोरच्यास कळविला असेल तर गोष्ट वेगळी. आता स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, 2016 यातील कलम 18 ने खरेदीदारास स्वतंत्र आणि बळकट हक्क दिलेला आहे, आणि 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने न्यूटेक प्रमोटर्सच्या निकालात तो बिनशर्त असल्याचे सांगितलेले आहे, ही गोष्ट खरी. तरीही प्रतिपक्षाच्या वकिलाला 'अर्जदाराने स्वतःच मुदतवाढ मान्य केली होती' असे म्हणावयाची संधी आपल्याच हस्ताक्षरात का द्यावी, हा प्रश्न उरतोच. तेव्हा नवी तारीख मागावयाची, पण जुनी सोडावयाची नाही; किंबहुना जुनी तारीख जिवंत आहे आणि तिच्यापासून व्याज चढत आहे असे बजावूनच नवी मागावयाची. पत्राची सारी रचना या एका गरजेतून निघावयास हवी.

यासाठी प्रथम करारनामा काढून बसणे आले. आपल्यापैकी पुष्कळांनी तो सहीच्या दिवशी एकदा चाळलेला असतो आणि त्यानंतर बँकेच्या फायलीत कायमचा ठेवून दिलेला असतो. महाराष्ट्राच्या 2017 च्या नियमांना एक नमुना करारनामा जोडलेला आहे आणि बहुतेक बिल्डरांचे मसुदे त्याच्यावरूनच बेतलेले असतात. मधे स्वतःची कलमे घुसडल्यामुळे क्रमांक मागेपुढे होतात, म्हणून पत्रात नमुन्यातले नव्हे तर आपल्या नोंदणीकृत दस्तातलेच क्रमांक लिहावेत. त्या नमुन्यात चार ठिकाणे आपल्या कामाची आहेत. कलम 2.2 सांगते की मुदत हे विकासक आणि खरेदीदार या दोघांच्याही दृष्टीने कराराचे मर्म आहे. कलम 6 मध्ये ताब्याची तारीख भरलेली असते. कलम 4.1 प्रमाणे मुदत टळल्यास, प्रकल्पातून बाहेर न पडणाऱ्या खरेदीदाराला त्याने भरलेल्या सर्व रकमेवर ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज देण्याचे बिल्डरने कबूल केलेले असते. आणि कलम 7.1 भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत ताबा लेखी देऊ करण्यास त्याला बांधून घेते. यांतले 4.1 हे कलम मला सर्वांत बोलके वाटते, कारण त्याच कलमात पुढे खरेदीदाराने हप्ता उशिरा भरला तर त्याच दराने व्याज देण्याचे त्याच्याकडूनही कबूल करून घेतलेले आहे. हप्त्याला पंधरा दिवस उशीर झाला तर व्याजाची मागणी करणारे पत्र तत्परतेने धाडणाऱ्या कचेरीला, तेच कलम उलट दिशेनेही चालते याची आठवण एकदा द्यावीच लागते.

यानंतर सबबींचा विचार. कलम 6 च्या परंतुकात मुदतवाढीची कारणे दोनच दिलेली आहेत: एक, युद्ध, नागरी क्षोभ किंवा दैवी आपत्ती, आणि दोन, शासनाचा, सक्षम प्राधिकरणाचा किंवा न्यायालयाचा आदेश अथवा अधिसूचना. वाळू महागली, मजूर गावी गेले, कंत्राटदार बदलावा लागला, अन्य सदनिका विकल्या न गेल्यामुळे पैशाची ओढाताण झाली, ही कारणे त्यांत नाहीत. आणि एखाद्या करारनाम्यात ती चतुराईने घातलेली असली तरी अधिनियमाशी विसंगत असेल तेवढा भाग टिकणे कठीण. म्हणून पत्रात सबबींचे खंडन आधीच करीत बसू नये. जी सबब बिल्डरने अद्याप सांगितलेली नाही ती आपण होऊन त्याला सुचविण्यात शहाणपण नाही. त्याऐवजी साधा प्रश्न करावा, की परंतुकातील कोणत्या उपकलमाखाली, कोणत्या तारखेच्या कोणत्या आदेशामुळे आणि नेमक्या किती दिवसांची मुदतवाढ आपण मागत आहात? ज्या विकासकाजवळ खरा स्थगिती-आदेश असेल तो त्याची प्रत लगेच देईल, आणि ज्याच्याजवळ नसेल त्याचे मौन पुढे सुनावणीत उपयोगी पडेल.

एक सबब मात्र निराळ्या जातीची असल्यामुळे तिचा परामर्श घेतला पाहिजे. बिल्डर म्हणतो, 'महारेराकडील आमच्या प्रकल्पाची नोंदणी अमुक सालापर्यंत वाढवून मिळालेली आहे. तेव्हा विलंब झालेलाच नाही.' संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर ती सुधारित तारीख दिसतेही, आणि ती पाहून अनेक खरेदीदारांचे अवसान गळते. वस्तुतः नोंदणीची मुदत हा विकासक आणि प्राधिकरण यांच्यातला मामला आहे, ताब्याची मुदत हा विकासक आणि खरेदीदार यांच्यातला. मुंबई उच्च न्यायालयाने 6 डिसेंबर 2017 रोजी नीलकमल रिअल्टर्सच्या प्रकरणात अधिनियमाची वैधता उचलून धरताना हेच सांगितले, की विलंब मोजावयाचा तो खरेदीदाराशी झालेल्या करारातील तारखेपासून, आणि नोंदणीच्या वेळी दिलेल्या नव्या तारखेने जुना करार पुन्हा लिहिला जात नाही. तेव्हा पत्रात संकेतस्थळावरील तारखेचा उल्लेख करावयाचा असल्यास 'ती आपण प्राधिकरणास कळविलेली तारीख असून मला मान्य नाही' असाच करावा.

आता एक उदाहरण घेऊ. हिशेब सुटसुटीत राहावा म्हणून आकडे पूर्णांकात घेतले आहेत. पुण्याच्या एका उपनगरातील सदनिका, करारमूल्य 60,00,000 रुपये, करार 2021 साली नोंदलेला, ताब्याची तारीख 31 डिसेंबर 2023. स्लॅब पडले, भिंती, गिलावा, फरशी, दारे-खिडक्या झाल्या, नळजोडणीची आतली कामेही आटोपली, आणि नमुना करारनाम्यातील टप्प्यांप्रमाणे 80 टक्के म्हणजे 48,00,000 रुपये खरेदीदाराने व त्याच्या बँकेने मिळून चुकते केले. पुढे काम रेंगाळले: लिफ्टचे खड्डे रिकामे, बाहेरचा गिलावा अर्धवट, अग्निशमनाची नळयोजना व्हावयाची. पत्राची तारीख 1 मार्च 2025, म्हणजे विलंब 14 महिन्यांचा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे व्याजाचा दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआर दराहून 2 टक्के अधिक असतो. तो येथे ढोबळमानाने 11 टक्के धरू. 48 लाखांवर वर्षाचे व्याज 5,28,000, महिन्याचे 44,000, आणि 14 महिन्यांचे 6,16,000 रुपये. हिशेबात करारमूल्यापोटी भरलेली रक्कमच घ्यावी. मुद्रांक शुल्क, नोंदणी फी व जीएसटी हे बिल्डरच्या खिशात गेलेले नसल्यामुळे ते त्यात मिसळून आकडा फुगवू नये, कारण एक आकडा चुकीचा निघाला की वाचणारा बाकीच्यांवरही शंका घेऊ लागतो. आपल्या बाजूने एकही हप्ता थकलेला नाही हेही याच ठिकाणी, पावत्यांच्या तारखांसह लिहावे. ताबा लांबला म्हणून रागाने हप्ते अडवून धरणारे खरेदीदार मी पाहिले आहेत. त्यांची भावना समजते, पण नमुन्यातील कलम 4.2 प्रमाणे तीन हप्ते चुकल्यास पंधरा दिवसांची नोटीस देऊन करार रद्द करण्याचा मार्ग बिल्डरला मोकळा होतो, आणि निर्दोष पक्षकाराने आपण होऊन कसूरदार व्हावे यासारखा आतबट्ट्याचा व्यवहार नाही.

आणखी एक निर्णय पत्र लिहिण्यापूर्वीच घ्यावा लागतो. कलम 18 ने दोन वाटा दिल्या आहेत: प्रकल्पातून बाहेर पडून सर्व रक्कम सव्याज परत घेणे, किंवा आत राहून ताबा मिळेपर्यंत दरमहाचे व्याज घेणे. पुष्कळ पत्रांत या दोन्ही एकाच वाक्यात कोंबलेल्या असतात, 'ताबा द्या नाहीतर पैसे परत करा', आणि मग दोन्हीही मागण्या कोणी गंभीरपणे घेत नाही. 2021 च्या भावाने घेतलेले घर 2025 साली मुद्दल आणि सरळ व्याज एवढ्यात पुन्हा मिळत नाही हे बिल्डरही जाणतो. किंबहुना खरेदीदाराने संतापून बाहेर पडावे आणि तीच सदनिका चढ्या भावाने दुसऱ्यास विकता यावी, ही त्याच्या मनातली इच्छाही असू शकते. ज्याला घरच हवे आहे त्याने तसे स्वच्छ लिहावे.

आता मूळ मागणीकडे, म्हणजे तारखेकडे, वळू. येथेही भाबडेपणाने चालत नाही. 'ताबा कोणत्या तारखेस देणार?' या प्रश्नाला बिल्डरचे ठराविक उत्तर असते: 'आमचे काम संपत आले आहे, भोगवटा प्रमाणपत्र महापालिकेच्या हाती आहे, तेव्हा निश्चित तारीख कशी देणार?' या उत्तरात अर्धे सत्य आहे. प्रमाणपत्र देणे त्याच्या हाती नाही. पण ते मागण्याच्या लायकीची इमारत उभी करणे आणि त्यासाठी अर्ज करणे सर्वस्वी त्याच्याच हाती आहे, आणि ते मिळविण्याची जबाबदारी अधिनियमाच्या कलम 11 ने त्याच्यावरच टाकलेली आहे. म्हणून एकच अंतिम तारीख मागण्याऐवजी तिच्या अलीकडची, बिल्डरच्या स्वतःच्या हातातली एकेक तारीख मागावी. लिफ्ट बसवून तिच्या परवान्यासाठी अर्ज केव्हा करणार? अग्निशमन दलाच्या अंतिम ना-हरकत दाखल्यासाठी तपासणी केव्हा मागणार? बाहेरचा गिलावा आणि गच्चीचे जलरोधक काम केव्हा पुरे होणार? वास्तुविशारदामार्फत भोगवटा प्रमाणपत्राचा अर्ज केव्हा दाखल करणार? ही साखळी मागितली की दोन गोष्टी साधतात. एक म्हणजे, वर्षभर वाट पाहून मग निराश होण्याऐवजी पहिलाच टप्पा हुकताच, दीड-दोन महिन्यांत, दिलेल्या शब्दाची किंमत कळते; इमारतीखाली उभे राहून लिफ्टची यंत्रे आली की नाहीत हे कोणालाही पाहता येते. आणि दुसरे असे की, अर्जच दाखल झालेला नसताना विलंबाचे खापर महापालिकेवर फोडता येत नाही.

हे सर्व ध्यानी घेऊन पत्राचा गाभा कसा उतरावा, त्याचा एक मसुदा देतो.

'महोदय, आपण व मी यांच्यात नोंदणी झालेल्या करारनाम्याच्या कलम 6 अन्वये सदरहू सदनिकेचा ताबा 31 डिसेंबर 2023 रोजी किंवा तत्पूर्वी देण्याचे आपण मान्य केले असून कलम 2.2 अन्वये मुदत हे कराराचे मर्म आहे. करारमूल्यापोटी आजवर मागणी झालेली संपूर्ण रक्कम, 48,00,000 रुपये, मी मुदतीत भरली आहे. तपशील सोबत जोडला आहे. आजपावेतो ताबा मिळालेला नाही, अथवा कलम 6 च्या परंतुकाखाली मुदतवाढ मागणारी कोणतीही लेखी सूचना मला मिळालेली नाही. मी प्रकल्पातून बाहेर पडू इच्छीत नाही. कलम 4.1 तसेच अधिनियमाचे कलम 18 यांअन्वये 1 जानेवारी 2024 पासून प्रत्यक्ष ताबा मिळेपर्यंतचे व्याज मला देय आहे. 28 फेब्रुवारी 2025 अखेर त्याचा हिशेब सोबत दिला आहे. खालील प्रत्येक कामाची पूर्तता-तारीख आणि भोगवटा प्रमाणपत्रासह ताबा देण्याची तारीख, दिवस, महिना व वर्ष नमूद करून, अधिकृत सहीनिशी 15 दिवसांत कळवावी. सदर तारखा मी केवळ माहितीसाठी व नियोजनासाठी मागत असून, त्या मागितल्याने अथवा स्वीकारल्याने मी करारातील मूळ मुदत वाढवून देत नाही, तसेच विलंबाच्या कालावधीचे व्याज व भरपाई मागण्याचा माझा हक्क सोडत नाही. पुढे ताबा स्वीकारतेवेळीही तो हक्क राखूनच मी ताबा घेईन.'

शेवटच्या दोन वाक्यांपैकी पहिले लांब आहे आणि दोन्ही थोडी रूक्षही आहेत, पण साऱ्या पत्राचे वजन त्यांच्यावर तोललेले आहे. कलम 55 ला अभिप्रेत असलेली सूचना ती हीच, आणि ताबा स्वीकारतेवेळी ती पुन्हा द्यावयाची. घरभाड्याचा उल्लेख मसुद्यात केलेला नाही. करावयाचा असल्यास एका वाक्यात, रक्कम देऊन करावा. धमकीही नाही. '15 दिवसांत उत्तर न आल्यास कलम 31 अन्वये महारेराकडे तक्रार दाखल करीन' एवढे अखेरीस लिहिले की पुरे. वर्तमानपत्रांत बदनामी करण्याची किंवा मोर्चा आणण्याची भाषा पुढे सुनावणीत आपल्याच विरुद्ध वाचून दाखविली जाते.

पाठविण्याच्या बाबतीत करारनाम्याच्या अखेरच्या पानांवर सूचनांविषयी एक कलम असते, त्यात दिलेल्या पत्त्यावर आणि ईमेलवर, दोन्हीकडे पाठवावे; साइटवरील विक्री-कचेरीत प्रत देऊन पोच घेतली तर ती जादा, त्याऐवजी नव्हे. सदनिका पतिपत्नींच्या संयुक्त नावे असल्यास सही दोघांची असावी.

उत्तर काय येते ते पाहावे. तारखा आल्या तर त्या कोणी दिल्या ते पाहावे. विक्री विभागातील मुलाने व्हॉट्सअॅपवर पाठविलेल्या 'दिवाळीपर्यंत, सर' या शब्दाला कंपनीच्या शिक्क्याचे मोल नाही. कधी उत्तराऐवजी 'पुरवणी करारनामा' येतो, ज्यात नवी तारीख ठळक असते आणि विलंबाबद्दलचे सर्व दावे सोडून देत असल्याचा मजकूर चौथ्या-पाचव्या परिच्छेदात दडलेला असतो. तेथे सही करणे म्हणजे पत्रात जपलेली जुनी तारीख स्वहस्ते पुसणे होय. कधी 'आतील सजावटीसाठी ताबा' देऊ केला जातो. भोगवटा प्रमाणपत्रावाचून दिलेला असा ताबा हा कायद्याच्या अर्थाने ताबा नव्हे. पण किल्ल्या घेताना जी पावती लिहून घेतात तिच्यात 'ताबा मिळाला, तक्रार नाही' हे शब्द हटकून असतात, आणि व्याजाचे चक्र त्या दिवशी थांबले असा युक्तिवाद पुढे त्यांच्या आधारे केला जातो. घरातील सुताराचे काम आधी सुरू होण्याचा मोह पडणे स्वाभाविक आहे. तो आवरत नसेल तर पावतीवर आपल्या हाताने 'भोगवटा प्रमाणपत्र नाही, हक्क राखून' एवढे लिहिल्यावाचून किल्ल्या घेऊ नयेत.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, सरळ तक्रारच करावी. तक्रारीस पत्राची पूर्वअट नाही, हे खरे. परंतु तक्रारीचा निकाल लागण्यास वेळ लागतो, आणि व्याजाचा आदेश हाती आल्यावरही बिल्डरने पैसे न दिल्यास प्राधिकरणाचे वसुलीचे फर्मान जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते, तेथे ते जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल व्हावयाचे असते. आणि अशी कितीतरी फर्माने वर्षानुवर्षे पडून आहेत. या दिरंगाईत ज्याला घर हवे आहे त्याने बिल्डरला काम पुरे करावयास लावणारी आणि त्याच वेळी आपला पुरावा बांधणारी गोष्ट आधी का करू नये? हां, एक मर्यादा आहे. कंपनीच दिवाळखोरीच्या वाटेला लागली असेल, साइटवरील पहारेकऱ्याचाही पगार थकला असेल, तर तारखा मागणारे पत्र व्यर्थ आहे. दिवाळखोरीच्या संहितेखाली 2018 पासून खरेदीदारांना वित्तीय धनकोंचा दर्जा मिळाला असला तरी 2020 च्या दुरुस्तीनंतर त्या वाटेने जाण्यास एकाच प्रकल्पातील किमान शंभर किंवा एकूण खरेदीदारांपैकी दहा टक्के जण, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके, एकत्र यावे लागतात. पत्र टपालात टाकण्यापूर्वी साइटवर एक फेरी मारून तेथे किती मजूर आहेत आणि सिमेंटच्या गोण्या ताज्या आहेत की पावसाने गठ्ठे झालेल्या आहेत, हे पाहून यावे, ते याचसाठी.